लॉक-इन संपलं तरी डिपॉझिट अडकलं: को-वर्किंगवाल्यांना पाठवायचं पत्र

"मॅडम, ॲग्रीमेंट दोन वर्षांचं होतं नं. तुम्ही मधातच सोडून गेल्या, मंग डिपॉझिट कसं भेटंल?"

नागपुरात शंकरनगर, रामदासपेठ, आयटी पार्क या भागांत को-वर्किंगची जागा घेतलेल्या लोकांना हे वाक्य थोड्याफार फरकानं ऐकायला मिळतं. लॉक-इन पूर्ण झालेलं असतं, नोटीस दिलेली असते, खुर्च्या-टेबलं जशीच्या तशी सोपवलेली असतात, आणि तरीही ठेव परत येत नाही. आधी "अकाउंट्सवाले करून राहिले" असं उत्तर येतं, मग हेड ऑफिसकडे बोट दाखवलं जातं आणि शेवटी "पॉलिसीत बसत नाही". या टप्प्यावर पुन्हा फोन करण्यात अर्थ नसतो. आता नीट पत्र लिहायची वेळ आलेली असते.

त्या पत्रात काय असावं हे समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. माणसं काल्पनिक आहेत, पण व्यवहार नेहमीचाच आहे. एक ताई लहान दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटी रिटर्न भरून देतात. स्वतः काम करतात आणि मदतीला दोन मुली आहेत. त्यांनी तीन सीट घेतल्या, एका सीटचे महिन्याला 7,000 रुपये. म्हणजे महिन्याचं शुल्क 21,000, वर 18 टक्के जीएसटी. ठेव तीन महिन्यांच्या शुल्काएवढी, 63,000 रुपये. करार 1 मे 2024 पासून 24 महिन्यांचा आणि लॉक-इन पहिल्या 12 महिन्यांचं, म्हणजे 30 एप्रिल 2025 पर्यंत. त्यानंतर एक महिन्याची लेखी नोटीस देऊन कुणीही बाहेर पडू शकतो. जागा सोडल्यावर 45 दिवसांत ठेव परत करायची. ताईंनी 28 मे 2025 ला ई-मेलनं नोटीस दिली, जूनचं शुल्क भरलं आणि 30 जूनला जागा सोडली. 45 दिवस 14 ऑगस्टला पूर्ण झाले. त्यानंतर वरचं उत्तर आलं.

तीन मुदती, तीन वेगळी कामं

मॅनेजरच्या वाक्यात गफलत कुठे आहे ते आधी पाहू, कारण सगळं पत्र त्यावरच उभं राहतं. करारात तीन मुदती असतात. कराराची मुदत सांगते की हे दर आणि या अटी किती काळ लागू राहतील. इथे ती 24 महिने आहे. लॉक-इन सांगतं की त्याआधी निघालात तर उरलेल्या लॉक-इनचं शुल्क भरावं लागेल. इथे ते 12 महिने आहे. नोटिशीची मुदत सांगते की लॉक-इन संपल्यावर निघायचं असेल तर किती आधी कळवायचं.

करार 24 महिन्यांचा आहे म्हणून 24 महिने थांबणं बंधनकारक असतं, तर 12 महिन्यांचं वेगळं लॉक-इन लिहायचं कारणच उरलं नसतं. एवढा एक मुद्दा पत्रात दोन ओळींत, तारखांसकट मांडला की बहुतेक नकारांचा पाया सरकतो.

तरीही पत्र लिहायच्या आधी करार एकदा शांतपणे वाचा, कारण दोन ठिकाणी खरोखरच पाय अडकू शकतो. पहिलं ठिकाण म्हणजे आपोआप नूतनीकरण. काही करारांत लिहिलेलं असतं की लॉक-इन संपायच्या अमुक दिवस आधी कळवलं नाही तर नवं लॉक-इन सुरू होईल. हे कलम तुमच्या करारात असेल तर बाजू कमकुवत होते, आणि ते गृहीत धरूनच पत्र लिहावं लागतं. कलम नसेल आणि ते नुसतं तोंडी सांगत असतील, तर पत्रात सरळ विचारा, "कोणत्या कलमाखाली?" दुसरं ठिकाण म्हणजे नोटीस कुठे द्यायची याची अट. करारात नोटिशीसाठी ठरावीक ई-मेल दिलेला असतो, आणि आपण मात्र रिसेप्शनवरच्या मुलाला व्हॉट्सॲप करून मोकळे होतो. ताईंनी त्याच ई-मेलवर नोटीस पाठवली होती, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

आकडा आधी स्वतः कापा

डिपॉझिटच्या पत्रात बहुतेक लोक पूर्ण रक्कम मागतात, वर मानसिक त्रासाचे पन्नास हजार आणि 24 टक्के व्याज लावतात. माझ्या मते याच्याइतकं पत्र कमजोर करणारं दुसरं काही नाही. ते पत्र मॅनेजर वाचेल, त्यांचे वकील वाचतील, आणि कदाचित पुढे ग्राहक आयोगही वाचेल. त्या तिसऱ्या वाचकाला आकडा पटला पाहिजे.

म्हणून खरोखर देणं लागत असेल ते आपणच वजा करावं. ताईंचं जूनचं प्रिंटिंगचं बिल राहिलं होतं, 1,000 रुपये आणि 18 टक्के जीएसटी मिळून 1,180. एक ॲक्सेस कार्ड हरवलं होतं आणि करारात त्याचे 500 रुपये लिहिलेले होते. दोन्ही वजा केले की 63,000 चे 61,320 होतात. पत्रात मागायचा तो हाच आकडा.

समोरच्यांनी मात्र ईमेलमध्ये "पेंटिंग 6,000" असंही लावलं होतं. करारात फक्त नुकसान झालं तर भरपाई असं लिहिलं होतं. वर्षभराच्या वापरानं भिंतीवर पडलेला खुर्चीच्या पाठीचा घासटा हे नुकसान नव्हे, ती वापरातली झीज आहे. ताईंनी 30 जूनला निघताना तिन्ही टेबलं, भिंत आणि ड्रॉवरच्या किल्ल्या यांचे फोटो काढून त्याच दिवशी मेल केले होते. त्या मेलला कुणी आक्षेप घेतला नाही. हा मेल पत्राला जोडायचा. असा मेल तुमच्याकडे नसेल तर पेंटिंगचं बिल आणि कामाचे फोटो मागा.

व्याजाचंही असंच आहे. करारात उशिराच्या परताव्यावर व्याजाचा दर लिहिलेला नसेल तर मनानं दर ठरवता येत नाही. पण व्याज अधिनियम 1978 च्या कलम 3 खाली न्यायालय व्याज देऊ शकतं. लेखी करारात रक्कम देण्याची ठरावीक तारीख असेल तर त्या तारखेपासून ते देता येतं. तशी तारीख नसेल, तर व्याज मागितलं जाईल असं लेखी कळवताना जी तारीख लिहिली असेल तिच्यापासून. म्हणूनच व्याजाची ओळ पत्रात असणं गरजेचं आहे, नुसत्या फोनला इथे किंमत नाही. त्या कायद्यात दराची सांगड बँकांच्या ठेवींवरच्या दराशी घातलेली आहे, म्हणून मुदत ठेवीच्या आसपासचा दर मागणं समंजसपणाचं ठरतं. 7 टक्क्यांनी 61,320 रुपयांवर वर्षाला सुमारे 4,292 रुपये होतात, म्हणजे दिवसाला साधारण पावणेबारा. रक्कम मोठी नाही, पण तारीख नोंदली जाते.

"ठेव जप्त केली" म्हटलं तर

समजा करारात लिहिलंच आहे की मुदतीआधी गेल्यास ठेव जप्त होईल. तरी विषय तिथे संपत नाही. भारतीय करार अधिनियम 1872 च्या कलम 74 नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात हेच स्पष्ट केलं, की भरपाई ही झालेल्या नुकसानीसाठी असते. नुकसान मोजणं अवघड असेल तर करारातला खरोखरचा आगाऊ अंदाज धरता येतो, पण नुकसान मुळातच नसेल तर ठेव गिळता येत नाही. म्हणून पत्रात एक प्रश्न घालावा, की आमच्या तीन सीट किती दिवस रिकाम्या राहिल्या? को-वर्किंगमध्ये सीट दुसऱ्याला दिली जाणं हाच तर धंदा आहे. जुलैत त्याच टेबलांवर नवी माणसं बसलेली असतील तर नुकसान दाखवणं त्यांना जड जातं.

आणखी एक नेमका प्रश्न जीएसटीचा. काही जण "उरलेल्या महिन्यांच्या शुल्कात ठेव वळती केली" असं लिहितात. जीएसटी कायद्यात ठेव ही शुल्क मानली जात नाही, जोवर सेवा देणारा ती शुल्क म्हणून वळती करत नाही. वळती केली म्हणत असतील तर त्याचं करबीजक दाखवावं लागेल, आणि त्यात कोणत्या महिन्याची कोणती सेवा दिली ते लिहावं लागेल. न दिलेल्या सेवेचं बीजक बनवायला अकाउंट्सवाले सहसा तयार होत नाहीत. हिशेबाची कामं करणाऱ्या ताईंना हा प्रश्न आपसूकच सुचला, पण तो कुणीही विचारू शकतं.

एका बाबतीत मात्र समोरच्यांचं म्हणणं रास्त असतं. तुमची जीएसटी नोंदणी त्यांच्या पत्त्यावर असेल तर पत्ता बदलल्याशिवाय ठेव देणार नाही, अशी अट बऱ्याच करारांत असते. जागा सोडूनही नोंदणी तिथेच राहिली तर उद्या विभागाची नोटीस त्यांच्या दारात येते. पत्ता बदलल्यावर 15 दिवसांत REG-14 अर्ज करायचा असतोच, तो करून सुधारित प्रमाणपत्र पत्राला जोडा. ताईंनी 8 जुलैलाच अर्ज केला होता, त्यामुळे हा बहाणाही उरला नाही.

पत्र

पाटीवर दिसतं ते दुकानाचं नाव असतं. पैसे ज्या कंपनीनं घेतले तिचं नाव करारात आणि बीजकावर असतं. पत्र तिच्या नावानं, तिच्या नोंदणीकृत पत्त्यावर जायला हवं. तो पत्ता करारात नसेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतो. नागपूरच्या मॅनेजरला फक्त प्रत द्या. तो पगारी माणूस आहे, त्याच्यावर राग काढून काही हाती लागत नाही.

> दिनांक: 1 सप्टेंबर 2025
>
> प्रति,
> संचालक, (करारातील कंपनीचे पूर्ण नाव)
> (नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता)
> प्रत: केंद्र व्यवस्थापक, नागपूर, तसेच करारातील नोटिशीचा ई-मेल
>
> विषय: सुरक्षा ठेवीचे 61,320 रुपये परत मिळण्याबाबत
>
> महोदय,
>
> 1. आपल्या नागपूर केंद्रातील तीन सीटसाठी आपल्यात 1 मे 2024 पासून 24 महिन्यांचा करार झाला. मी ठेवीपोटी 63,000 रुपये बँकेमार्फत भरले. पावती जोडली आहे.
>
> 2. कलम 4.2 नुसार लॉक-इन 12 महिन्यांचे होते. ते 30 एप्रिल 2025 रोजी पूर्ण झाले. कलम 9.1 नुसार त्यानंतर एक महिन्याच्या लेखी नोटिशीने करार संपवता येतो. मी 28 मे 2025 रोजी कराराती‍ल ई-मेलवर नोटीस दिली, जूनचे शुल्क भरले आणि 30 जून 2025 रोजी जागा सोपवली. त्याच दिवशी पाठवलेल्या फोटोंवर आपण आक्षेप घेतलेला नाही.
>
> 3. कलम 6.3 नुसार ठेव 45 दिवसांत, म्हणजे 14 ऑगस्ट 2025 पर्यंत परत करायची होती. ती मिळालेली नाही.
>
> 4. जूनचे प्रिंटिंग बिल 1,180 रुपये आणि हरवलेल्या कार्डाचे 500 रुपये मला मान्य आहेत. ते वजा जाता 61,320 रुपये येणे आहेत. रंगकामाचे 6,000 रुपये मला मान्य नाहीत. करारात झिजेची वसुली नाही.
>
> 5. करार 24 महिन्यांचा असल्याने ठेव परत मिळणार नाही, असे आपण कळवले आहे. असे कोणत्या कलमात आहे ते कळवावे. नुकसान झाल्याचे म्हणणे असल्यास माझ्या तीन सीट 30 जूननंतर किती दिवस रिकाम्या होत्या त्याची नोंद द्यावी. ठेव शुल्कात वळती केली असल्यास त्याचे करबीजक द्यावे.
>
> 6. माझी जीएसटी नोंदणी आपल्या पत्त्यावरून हलवली आहे. सुधारित प्रमाणपत्र आणि रद्द केलेला धनादेश जोडला आहे.
>
> 7. 61,320 रुपये 16 सप्टेंबर 2025 पर्यंत माझ्या खात्यात जमा करावेत. न केल्यास 15 ऑगस्ट 2025 पासून प्रत्यक्ष रक्कम मिळेपर्यंत वार्षिक 7 टक्के दराने व्याज मागेन आणि जिल्हा ग्राहक आयोग, नागपूर येथे तक्रार करेन.
>
> आपली विश्वासू,

पत्र मराठीत लिहा की इंग्रजीत, कराराच्या कलमातले शब्द मात्र जसेच्या तसे उतरवा. सहाव्या मुद्द्यातला रद्द केलेला धनादेश किरकोळ वाटतो, पण "खात्याचा नंबरच नव्हता" हे कारण त्यानं बंद होतं. ठेव ज्या खात्यातून गेली, धनादेश त्याच खात्याचा असावा.

पाठवताना ई-मेल आणि पोस्ट दोन्ही करा. रजिस्टर्ड पोस्ट आता वेगळं राहिलेलं नाही, ते स्पीड पोस्टमध्ये मिसळलं आहे. त्यामुळे पोहोच पुराव्यासह स्पीड पोस्ट मागा आणि पोहोचल्याचं ट्रॅकिंगचं पान त्याच आठवड्यात छापून ठेवा. लिफाफा न घेता परत आला तर तो फोडू नका, तसाच ठेवा.

पत्र गेल्यावर

बऱ्याचदा आठ-दहा दिवसांत फोन येतो, "वीस हजार कापून देतो, इथे सही करा." सोबत पूर्ण आणि अंतिम हिशेब मान्य असल्याचा कागद असतो. तडजोड खरोखर मान्य असेल तर सही करायला हरकत नाही, कधीकधी वेळ वाचवणं परवडतंही. मान्य नसेल तर त्या कागदाला हात लावू नका. त्यांनी परस्पर कमी रक्कम खात्यात टाकली, तर त्याच दिवशी मेल करा की ही रक्कम उरलेल्या येण्याचा हक्क राखून स्वीकारली आहे.

उत्तरच आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ती कंपनीकडे पाठवली जाते. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण काही कंपन्या इथेच पैसे सोडतात.

ग्राहक आयोगाबद्दल मात्र नीट समजून घ्यावं लागतं. धंद्यासाठी घेतलेल्या सेवेची तक्रार सहसा तिथे चालत नाही. अपवाद असा, की माणूस निव्वळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी ती सेवा वापरत असेल. एक-दोन मदतनीस असले म्हणून स्वयंरोजगार मोडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या 1995 च्या निकालात सांगितलं आहे. ताईंची बाजू त्यामुळे बरी आहे. त्यांच्या जागी वीस माणसांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असती, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला हा आक्षेप घेईल आणि तो बहुधा टिकेल. अशा कंपनीनं दिवाणी न्यायालयाचाच विचार करावा, आणि पत्राच्या सातव्या मुद्द्यात ग्राहक आयोगाऐवजी तसं लिहावं.

करारात "वाद फक्त बंगळूरच्या न्यायालयात" किंवा लवादाचं कलम असेल तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करण्याची सोय दिली आहे. दिवाणी दाव्यात मात्र लवादाचं कलम आडवं येतं. समोरच्यानं वेळेत अर्ज केला तर न्यायालय प्रकरण लवादाकडे पाठवतं. साठ हजारांच्या वादात लवादाचा खर्चच वादापेक्षा मोठा व्हायची भीती असते, हे वकिलाशी आधीच बोलून घ्या.

आयोगाची फी मागणीच्या रकमेवर ठरत नाही. सेवेसाठी भरलेल्या एकूण मोबदल्यावर ठरते. ताईंनी 14 महिन्यांत जीएसटी धरून 3,46,920 रुपये भरले. पाच लाखांपर्यंत फी शून्य आहे. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, आणि वरचं पत्र, पोहोच आणि जोडलेले कागद हीच तिची जोडपत्रं होतात. तक्रारीसाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, दिवाणी दाव्याला साधारणपणे तीन. नंतर आणखी पत्रं पाठवत राहिल्यानं ही मुदत नव्यानं सुरू होत नाही. ताईंनी 14 ऑगस्ट 2025 धरून चालावं आणि 16 सप्टेंबर कोरडा गेला तर त्याच महिन्यात तक्रार दाखल करावी.